घर सोडलं, पत्रं मात्र जुन्याच दारी

मे महिना संपत आला की पुण्यात, ठाण्यात, नव्या मुंबईत सोसायटीच्या फाटकाशी सामानाचे टेम्पो दिसू लागतात. अकरा महिन्यांचा करार संपलेला असतो आणि शाळा सुरू व्हायच्या आत नव्या घरात लागायचं असतं. मालक आणि भाडेकरू यांच्यात त्या दिवसांत बरंच बोलणं होतं. डिपॉझिट कधी मिळणार, रंगाचे पैसे किती कापणार, महावितरणचं शेवटचं बिल कोण भरणार, गिझर चालू स्थितीत आहे ना. टपालाचा विषय सहसा निघत नाही. लिव्ह अँड लायसन्सच्या छापील करारातही त्यासाठी वेगळं कलम बहुधा नसतं. मग पुढचे चार-सहा महिने जुन्या पत्त्यावर नव्या बिऱ्हाडकरूच्या पेटीत आधीच्या माणसाच्या नावाची पाकिटं पडत राहतात.

‘काका, आमचं काही पत्र आलं तर ठेवून द्या हं,’ असं निघताना म्हणण्याची पद्धत आहे. तेवढ्याने भागत नाही, कारण सगळी पत्रं एकाच जातीची नसतात. काही पुढे पाठवायची असतात, काही मुळीच पाठवायची नसतात, आणि काहींच्या बाबतीत कागद हातात पडण्यापेक्षा तो आलाय हे त्याच दिवशी कळणं महत्त्वाचं असतं. मालकाला हा फरक सांगितला नाही, तर तो सगळा गठ्ठा टीव्हीच्या कपाटात ठेवतो आणि दिवाळीला आठवण झाली की फोन करतो. यात त्याचा दोष नाही. त्याला कोणी काही सांगितलेलंच नसतं.

एक उदाहरण धरून चालू. कोथरूडमध्ये तीन वर्षं भाड्याने राहिलेलं एक जोडपं ३१ मे रोजी नाशिकला, इंदिरानगरला गेलं असं समजा. दोघांची आधार कार्डं सांगलीजवळच्या गावच्या पत्त्याची आहेत; ती कधी बदललीच नाहीत. बँकेत ‘कायमचा पत्ता’ म्हणून गाव आणि ‘पत्रव्यवहाराचा पत्ता’ म्हणून कोथरूड. मतदार यादीत नाव कोथरूडला, स्कूटरच्या नोंदणीवरही कोथरूड. पत्नीने एप्रिलमध्ये पासपोर्टसाठी अर्ज केलाय, तोही कोथरूडच्या पत्त्यावर. घरमालक काका-काकू सिंहगड रोडला राहतात आणि फ्लॅट १० जूनपासून नव्या कुटुंबाला दिलाय.

इथे पहिली अडचण उभी राहते. निरोप काकांना दिला, पण लेटरबॉक्सची किल्ली काकांकडे नाही. ती नव्या भाडेकरूकडे आहे, आणि कुरिअरवाल्याची गाठ पडते ती वॉचमनशी. मालक परगावी किंवा परदेशी असला तर हे अंतर आणखी वाढतं. म्हणून काकांना सांगताना, नव्या भाडेकरूला हे कळवाल का आणि त्यांचा नंबर मला द्याल का, एवढं विचारून घ्यावंच. सोसायटीच्या ऑफिसात आणि वॉचमनलाही सांगून ठेवावं. तळमजल्यावरच्या नामफलकावरून आपलं नाव उतरवायला लावणंही त्यातच आलं. नाव तसंच राहिलं की नवा पोस्टमन पाकीट निर्धास्तपणे पेटीत टाकून जातो.

आता निरोप. तो तोंडी न देता लिहून द्यावा, म्हणजे काकांना तो पुढे जसाच्या तसा पाठवता येतो. या जोडप्याचा मजकूर साधारण असा होईल:

‘काका, नमस्कार. आम्ही ३१ मेला घर सोडतोय. आमचा नाशिकचा पत्ता खाली देतोय, पिनकोडसह. नोव्हेंबरअखेरपर्यंत आम्हा दोघांच्या नावाने काही टपाल आलं, तर पाकीट न उघडता त्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचा फोटो कृपया त्याच दिवशी पाठवा. काय करायचं ते मी लगेच कळवीन. बँकेचं कार्ड किंवा चेकबुक आलं तर ते घेऊ नका, परत जाऊ द्या. सहीचं टपाल आलं तर सही न करता “इथे राहत नाहीत” असं सांगा. पोस्टमनने चिठ्ठी ठेवली तर तिचा फोटो पाठवा. हा पत्ता कोणी मागितला तर देऊ नका, माझा फोन नंबर द्या. स्पीड पोस्टचा जो खर्च होईल तो मी पाठवतो. नव्या मंडळींनाही हे सांगाल का? काकूंना नमस्कार.’

या मजकुरातला प्रत्येक शब्द कारणासाठी आहे, आणि त्यातलं सर्वांत मोठं कारण म्हणजे फोटो. पाकिटाच्या मागे बहुधा पाठवणाऱ्याचा पत्ता आणि ‘न पोचल्यास परत’ अशी सूचना असते. स्पीड पोस्ट असेल तर बारकोडखाली एक क्रमांक असतो: सुरुवातीला दोन रोमन अक्षरं, मग नऊ आकडे आणि शेवटी IN. तो क्रमांक टपाल खात्याच्या संकेतस्थळावर टाकला की पत्र कुठून, कधी निघालं आणि आत्ता कुठे आहे हे दिसतं. म्हणजे पाकीट न उघडताही नाशिकला बसून कळतं की हे बँकेच्या मुख्य कार्यालयाचं आहे, की न्यायालयाचं, की नुसतं विम्याच्या जाहिरातीचं. जाहिरात असेल तर काकांना टपाल खात्यात जायचा त्रास नको.

पत्त्यात पिनकोड नीट लिहिण्याला महत्त्व आहे, कारण टपालाची विभागणी त्यावरून होते. ही सहा आकडी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती आखली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने. ते संस्कृतचे पंडित आणि कवीही होते. इंदिरानगरचा ४२२००९ घेतला तर पहिले तीन आकडे पत्र नाशिककडे वळवतात आणि शेवटचे तीन नेमकं वाटपाचं पोस्ट ठरवतात. त्या शेवटच्या तिनांत चूक झाली की पत्र शहरातल्याच दुसऱ्या पोस्टात जाऊन पडतं. आणि नवं घर तात्पुरतंच असेल, दोन महिन्यांत पुन्हा हलायचं असेल, तर पुढचा पत्ता म्हणून गावचं किंवा आईवडिलांचं घर दिलेलं बरं. जिथे दिवसा कोणीतरी घरी असतं, तोच पत्ता कामाचा.

कार्डाच्या बाबतीत मात्र ‘पुढे पाठवा’ म्हणणं धोक्याचं आहे. जूनमध्ये त्या जोडप्यापैकी एकाच्या डेबिट कार्डाची मुदत संपते आणि बँक आपणहून नवं कार्ड जुन्या पत्रव्यवहाराच्या पत्त्यावर पाठवते. नव्या भाडेकरूने मदतीच्या भावनेने ते घेतलं, तर बँकेच्या नोंदीत ‘पोचलं’ असं दिसतं. प्रत्यक्षात कार्ड एका अनोळखी घरात पडून असतं, तिथून काकांकडे जातं, काकांकडून साध्या पाकिटातून नाशिकला निघतं. या वाटेवर ते कुठे हरवलं, तर कधी हरवलं हे कोणालाच सांगता येणार नाही. त्यापेक्षा ते न घेता परत गेलं तर बँकेकडे ‘पत्त्यावर नाही’ अशी नोंद होते आणि ग्राहकाला नव्या पत्त्यावर दुसरं मागवता येतं. चुकून घेतलंच गेलं असेल, तर बँकेला फोन करून ते कार्ड बंद करायला सांगावं आणि नवं मागवावं. काकांनी ते कापून टाकलं की विषय संपला. चेकबुकचंही तसंच, फक्त तिथे चेकचे क्रमांक रद्द करून घ्यावे लागतात.

पासपोर्ट वेगळ्या कारणाने पुढे पाठवता येत नाही. तो स्पीड पोस्टने येतो आणि पोस्टमन तो अर्जातल्या पत्त्यावर, ओळख पाहून अर्जदाराच्याच हातात देतो. काकांना तो घेता येणार नाही, आणि पोस्टमनलाही तो नाशिकला वळवता येणार नाही. कोणी भेटलं नाही की तो पासपोर्ट कार्यालयाकडे परत जातो. पोलीस पडताळणीसुद्धा अर्जातल्या पत्त्यावरच होते. म्हणजे पासपोर्टचा अर्ज चालू असताना घर सोडायची वेळ आली, तर तो मार्गी लागेपर्यंत थांबावं किंवा पत्ता बदलल्याचं पासपोर्ट कार्यालयाला स्वतः कळवावं. हे ओझं घरमालकावर टाकण्यात अर्थ नाही.

मग पुढे पाठवण्याजोगं काय उरतं? विम्याच्या हप्त्याच्या सूचना, शेअर आणि म्युच्युअल फंडांची विवरणपत्रं, बँकेची साधी पत्रं, पॅन कार्डाची दुसरी प्रत, मतदार ओळखपत्र, आरटीओकडून येणारं स्मार्ट कार्ड. यातलं जे पेटीत पडलं असेल ते काकांनी एका मोठ्या पाकिटात घालून स्पीड पोस्टने पाठवलं की झालं. आयकर खात्याबद्दल लोकांना उगाच धास्ती असते. परतावा २०१९ पासून थेट बँक खात्यातच जमा होतो आणि नोटिसा मुख्यतः पोर्टलवर आणि ईमेलवर येतात. तिथे लेटरबॉक्सपेक्षा पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल आणि ईमेल जुना तर नाही ना, हे पाहणं जास्त गरजेचं.

सगळ्यांत नाजूक कागद म्हणजे नोटीस. समजा, नाशिकला गेलेल्या या गृहस्थांनी कोथरूडच्या एका सुताराला कपाटाच्या कामाचा चेक दिला होता. खातं बदलण्याच्या गडबडीत शिल्लक कमी पडली आणि चेक वटला नाही. सुताराला त्याच्या बँकेने हे ३ जूनला कळवलं. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ प्रमाणे त्याला त्या दिवसापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. त्याच्या वकिलाने ती १२ जूनला कोथरूडच्या पत्त्यावर पाठवली, कारण सुताराला तोच पत्ता माहीत होता. नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस मिळतात. ते उलटले की पुढच्या एका महिन्यात सुताराला फौजदारी तक्रार करता येते.

आता नोटीस प्रत्यक्ष हातात पडलीच नाही तर? जनरल क्लॉजेस कायद्याच्या कलम २७ प्रमाणे योग्य पत्त्यावर, टपालखर्च भरून, नोंदणीकृत टपालाने पाठवलेलं पत्र पोचलं असं न्यायालय धरून चालतं. ते पोचलं नाही हे दाखवायची जबाबदारी दुसऱ्या बाजूवर येते. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सी. सी. अलावी हाजी यांच्या खटल्यात चेकच्या नोटिशीबद्दल हेच मांडलं, आणि एक वाटही ठेवली: नोटीस मिळाली नाही असं ज्याचं म्हणणं असेल त्याने न्यायालयाचं समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरावी. त्या मुदतीत जो भरत नाही, त्याला ‘नोटीस मिळालीच नव्हती’ असं नंतर म्हणता येत नाही. घर सोडलं होतं हे करारावरून दाखवता येईल, नाही असं नाही. पण तोपर्यंत प्रकरण कोर्टात गेलेलं असतं आणि नाशिक-पुणे तारखांच्या फेऱ्या सुरू झालेल्या असतात.

आता तेच पाकीट घेऊन पोस्टमन १४ जूनला कोथरूडच्या दारात उभा आहे. नव्या भाडेकरूने ते घेतलं नाही, सही केली नाही, पण बाहेरून फोटो काढून काकांना पाठवला. काकांनी तो नाशिकला पाठवला. मागच्या बाजूला वकिलाचं नाव आहे. सुताराला फोन केला, चूक कळली, त्याच संध्याकाळी पैसे त्याच्या खात्यात गेले आणि वकिलाला पावती गेली. मूळ नोटीस ‘लेफ्ट’ असा शेरा मारून परत गेली तरी आता बिघडत नाही. इथे कागदापेक्षा तारीख महत्त्वाची होती.

सही करू नका असं सांगण्यामागेही हेच आहे. काकांनी भिडेखातर भाडेकरूच्या नावाने सही करून नोटीस घेतली, तर ती त्या दिवशी मिळाली असा पुरावा तयार होतो आणि मुदत सुरू होते, मग ती पुढे काकांच्या कपाटात पडून राहिली तरी. काकांनाही उद्या कोणी विचारलं की तुम्ही का घेतली, तर उत्तर देणं अवघड. दारी कोणी नसेल तर पोस्टमन चिठ्ठी ठेवतो आणि पत्र साधारण सात दिवस पोस्टात थांबतं. चिठ्ठीचा फोटो वेळेत मिळाला तर पुण्यात राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाला अधिकारपत्र देऊन पोस्टात पाठवता येतं. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा राहिलेली नाही, ती स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. त्यामुळे ‘रजिस्टर आलंय का’ असं विचारलं तर नवी माणसं नाही म्हणतील. ‘सहीचं स्पीड पोस्ट आलंय का’ असं विचारावं.

घरमालकाशी संबंध बिघडलेले असतील, डिपॉझिटवरून वाद चालू असेल, तर हे सगळं त्याच्या भरवशावर ठेवू नये. जुन्या पत्त्याचं वाटप करणाऱ्या पोस्टात जाऊन पोस्टमास्तरांच्या नावे अर्ज देता येतो: कुटुंबातल्या ज्यांचं टपाल वळवायचं त्यांची नावं, जुना पत्ता, नवा पत्ता, सही आणि ओळखपत्राची प्रत. त्यावरून टपाल नव्या पत्त्याकडे वळवलं जातं. ही सोय ठरावीक मुदतीपुरतीच असते आणि ती फक्त टपाल खात्याच्या पत्रांना लागू पडते. खासगी कुरिअरवाल्याला या अर्जाचं काही देणंघेणं नसतं. अर्ज दिल्यावर त्या बीटच्या पोस्टमनला प्रत्यक्ष भेटून सांगितलेलं जास्त उपयोगी पडतं, कारण पत्र हातात घेऊन कोणत्या पेटीत टाकायचं हे शेवटी तोच ठरवतो.

मालकाच्या बाजूनेही एक प्रसंग येतो. कर्जवसुलीचे लोक किंवा फोनवर ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणारा कोणी जुन्या भाडेकरूचा पत्ता मागतो. तो देणं काकांना बंधनकारक नाही. निरोपात लिहिल्याप्रमाणे त्याचा फोन नंबर द्यावा किंवा तुमचा नंबर मी त्यांना कळवतो असं म्हणावं. पोलीस किंवा न्यायालयाचा माणूस ओळखपत्र दाखवून आला तर गोष्ट निराळी, तिथे माहिती असेल ती द्यावी. आणि भाडेकरू कोणताही निरोप न ठेवता गेला असेल, तर त्याच्या नावाचं पाकीट उघडून आत काय आहे ते पाहू नये, टाकूनही देऊ नये. ‘सदर व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही’ असं पाकिटावर लिहून पोस्टमनकडे परत द्यावं. एकच बँक सारखी पत्रं पाठवत असेल तर असं दोन-तीनदा परत गेल्यावर ती बहुधा थांबते.

काकांची मदत नोव्हेंबरअखेरपर्यंतच मागितली आहे, तेव्हा तेवढ्या काळात पत्ते मुळातून बदलायला हवेत. बँक पहिली. रिझर्व्ह बँकेच्या केवायसीच्या नियमांप्रमाणे केवळ पत्ता बदलला असेल तर ग्राहकाने स्वतः लिहून दिलेली घोषणा पुरते, आणि बँकेने दोन महिन्यांच्या आत त्या पत्त्याची खात्री करून घ्यायची असते. ही खात्री बहुधा नव्या पत्त्यावर पत्र पाठवून होते. स्कूटरच्या नोंदणीवरचा पत्ता मोटार वाहन कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे ३० दिवसांत कळवायचा असतो. मतदार यादीसाठी फॉर्म ८ भरायचा. मतदारसंघ बदलला तरी आता तोच फॉर्म चालतो. आधार गावच्या पत्त्यावर ठेवायला हरकत नाही, पण ते नाशिकचं करून घेतलं तर पुढची बरीच कामं सोपी होतात; त्यासाठी नोंदणी केलेला भाडेकरार पुरावा म्हणून चालतो. हाताने लिहिलेला किंवा नुसता नोटरी केलेला करार मात्र तिथे अडतो.

पत्ता खरोखर बदलला की नाही हे ॲपवरच्या ‘विनंती स्वीकारली’ या संदेशावरून कळत नाही. पुष्कळ बँकांत बचत खातं, क्रेडिट कार्ड आणि लॉकर यांचे पत्ते वेगवेगळे नोंदलेले असतात. एक बदलला की बाकीचे आपोआप बदलतातच असं नाही. बँकेचं पडताळणीचं पत्र इंदिरानगरच्या पेटीत पडलं, क्रेडिट कार्डाच्या पुढच्या विवरणपत्रावर नाशिक छापलं गेलं आणि ऑगस्ट-सप्टेंबर या दोन महिन्यांत काकांकडून एकही फोटो आला नाही, तर काम झालं असं धरावं. मग काकांना आणि नव्या भाडेकरूला एक ओळ पाठवावी: ‘आमचे सगळे पत्ते बदलून झाले. यापुढे आमच्या नावाने काही आलं तर सरळ परत पाठवा.’ स्पीड पोस्टचे काही पैसे द्यायचे राहिले असतील तर तेही त्याच दिवशी पाठवावेत.